जुळे सोलापुरातला फ्लॅट की रीटची युनिट्स?

प्रश्न: मी 61 वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त शिक्षिका. पेन्शन महिना 35 हजार. ग्रॅच्युइटी, पेन्शन विक्री आणि बचत मिळून हातात 42 लाख आहेत. जुळे सोलापुरात 38 लाखांचा दोन बेडरूमचा तयार फ्लॅट पाहिला आहे, एजंट म्हणतो 12 हजार भाडं सहज येईल. मुलगा हिंजवडीत नोकरीला आहे, तो म्हणतो, "आई, फ्लॅट नको, रीट घे, घरबसल्या दुप्पट मिळेल." मला शेअर बाजारातलं काही कळत नाही. पैसे दर महिन्याच्या खर्चाला लागतील असं नाही, पण उत्पन्न हवं आहे. काय करावं?

उत्तर:

बाई, एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सोलापुरात तेवीस वर्षं कर सल्लागार म्हणून काम करतो. माझे स्वतःचे दोन फ्लॅट भाड्याने होते, त्यातला एक विकला. आज माझ्याकडे दोन रीटची, म्हणजे मोठ्या इमारतींची मालकी तुकड्यांनी विकणाऱ्या ट्रस्टची, युनिट्स आहेत. त्यामुळे मी अगदी तटस्थ आहे असं समजू नका. मात्र दोन्हीकडचे चटके मी खाल्ले आहेत.

तुमच्या एजंटचा हिशोब असा असणार: 12 हजार गुणिले 12, म्हणजे 1,44,000. भागिले 38 लाख, म्हणजे पावणेचार टक्के. मुलाचा हिशोब असा असेल: रीट सहा टक्के देतं, म्हणजे दीडपटीहून जास्त, त्याच्या भाषेत दुप्पट. दोघांचेही आकडे खोटे नाहीत, पण दोघांनीही ते अर्धेच सांगितले आहेत. आधी फ्लॅटचं बघू.

फ्लॅट 38 लाखांना पडत नाही. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे. घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, म्हणजे तुम्हाला 5 टक्के, 1,90,000 रुपये. नोंदणी फी एक टक्का, पण कमाल 30 हजार, म्हणून 30 हजार. एजंटची दलाली एक टक्का धरली तर 38 हजार. त्यानंतर वकिलाचा सर्च रिपोर्ट, पंखे, गीझर, ग्रिल, रंगाचा एक हात, आणि सोलापूर असल्यामुळे पाण्याची जादा टाकी व पंप. या सगळ्याचे मी 92 हजार धरतो. एकूण झाले 41,50,000. तुमची जवळजवळ सगळी पुंजी.

आता भाडं. एजंटचा 12 हजारांचा आकडा मी तसाच धरतो, कमी करत नाही. पण वर्षातला एक महिना रिकामा धरतो. भाडेकरू बदलताना रंगकाम, चावी, दाखवादाखवी यात तेवढा वेळ जातोच, आणि सोलापुरात कुटुंबं बहुतेक मे-जूनमध्येच, शाळा सुरू व्हायच्या आत घर बदलतात. ऑक्टोबरमध्ये घर रिकामं झालं तर पुढचा भाडेकरू यायला तीन महिनेसुद्धा लागतात. तेव्हा अकरा महिन्यांचे 1,32,000. त्यातून घरपट्टी साधारण 9 हजार, सोसायटीचा देखभाल खर्च महिना हजार म्हणजे 12 हजार, नळ-वायरिंग-गळती आणि दर तीन-चार वर्षांनी रंग यांची सरासरी 10 हजार, भाडेकरू शोधण्याची दलाली आणि करारनोंदणी 6 हजार. वजा जाता हातात 95 हजार. 41.5 लाखांवर हे सव्वादोन टक्के आणि किंचित वर.

या आकड्यात मी काही काळंबेरं केलेलं नाही. घरपट्टी, देखभाल हे आकडे तुमच्या इमारतीत थोडे पुढे-मागे होतील, पण निव्वळ उत्पन्न अडीच टक्क्यांच्या फार वर जाणार नाही. असं का होतं ते समजून घ्या. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इथल्या फ्लॅटचे भाव भाडेकरू ठरवत नाहीत, तिथं स्वतः राहू इच्छिणारे ठरवतात. त्यातल्या बऱ्याच घरांत पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलांचा पैसा आहे. आई-बाबांसाठी गावात एक बरं घर असावं म्हणून ते पैसे भरतात. भाडं मात्र इथल्या पगारावर ठरतं: कारखान्यातला सुपरवायझर, बँकेतला कारकून, बदलीवर आलेला सरकारी कर्मचारी. किंमत पुण्याच्या कमाईची आणि भाडं सोलापूरच्या पगाराचं, म्हणून हा आकडा कमी आहे. तुमच्या मुलासारखी पोरं जिथं कामाला जातात, तिथल्या ऑफिसांचं भाडं वेगळ्या हिशोबाने चालतं. रीट त्या ऑफिसांची मालकी विकतं.

रीट म्हणजे रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट. सेबीने 2014 मध्ये त्याचे नियम केले आणि पहिलं रीट 2019 च्या एप्रिलमध्ये बाजारात आलं, एम्बसी ऑफिस पार्क्स, 300 रुपयांना एक युनिट. नंतर माइंडस्पेस 2020 मध्ये, ब्रुकफील्ड 2021 मध्ये, मॉलवालं नेक्सस सिलेक्ट 2023 मध्ये आणि नॉलेज रिअल्टी ट्रस्ट 2025 मध्ये. हिंजवडीतलं एम्बसी क्वाड्रन, येरवड्यातलं कॉमरझोन, औंधचा वेस्टेंड मॉल ही त्यातलीच मालमत्ता. तुमचा मुलगा रोज बसने ज्या इमारतींवरून जातो, त्यातल्या एखादीचा एक कण तुम्ही घेणार, असं समजा.

नियमांतल्या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. ट्रस्टची किमान 80 टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेली आणि भाडं देणारी असावी लागते. वाटण्याजोग्या रोकडीतला किमान 90 टक्के हिस्सा युनिटधारकांना द्यावाच लागतो, बहुतेक रीट तो दर तीन महिन्यांनी देतात. आणि कर्ज मालमत्तेच्या मूल्याच्या 49 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. हल्ली एक युनिटसुद्धा घेता येतं, त्यासाठी फक्त डिमॅट खातं लागतं.

आता मुलाच्या सहा टक्क्यांकडे येतो. प्रत्यक्ष भाव रोज बदलतो, म्हणून समजण्यापुरता सरळ आकडा घेऊ. युनिटचा भाव 415 रुपये आणि वर्षाचं वाटप 25 रुपये. 10 हजार युनिट्स घेतली तर गुंतवणूक 41,50,000, फ्लॅटएवढीच. वाटप 2,50,000, म्हणजे सहा टक्के. फ्लॅटचे 95 हजार एकीकडे आणि हे अडीच लाख दुसरीकडे. मुलगा खूश होणारच.

पण ते 25 रुपये म्हणजे एकाच प्रकारचा पैसा नव्हे. ट्रस्ट इमारती थेट घेत नाही, प्रत्येक इमारतीची एक वेगळी कंपनी असते आणि ट्रस्ट त्या कंपनीत भागभांडवल घालतो व तिला कर्जही देतो. भाडेकरूने भाडं दिलं की ते कंपनीकडून ट्रस्टकडे तीन वाटांनी येतं: कर्जाचं व्याज म्हणून, लाभांश म्हणून, आणि कर्जाच्या मुद्दलाची परतफेड म्हणून. तुमच्या खात्यातही ते त्याच रूपांत येतं. कधी एकाच दिवशी दोन-तीन वेगवेगळ्या रकमा जमा झालेल्या दिसतात, त्याचं कारण हेच. आपल्या उदाहरणात 25 पैकी 9 रुपये व्याज, 9 लाभांश आणि 7 मुद्दल परतफेड धरा.

हे 7 रुपये नीट समजून घ्या, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. कराच्या दृष्टीने हे तुमचं उत्पन्न नाही, तुमचेच पैसे परत आले असं मानलं जातं. म्हणून त्यावर आज कर नाही, पण तुमची खरेदी किंमत 415 वरून 408 होते. पुढच्या वर्षी 401. दहा वर्षांनी विकाल तेव्हा नफा 415 पासून नाही, त्या घटलेल्या किमतीपासून मोजला जाईल. हा हिशोब ठेवायचा कंटाळा केला तर विक्रीच्या वर्षी गोंधळ उडतो. असे दोन ग्राहक माझ्याकडे आले होते, दोघांनाही जुनी वाटपाची विवरणं ई-मेलमधून एक-एक शोधावी लागली. ट्रस्ट दर वर्षी घटकवार विवरण पाठवतो, ते एका फोल्डरमध्ये ठेवा, एवढंच.

मग हे 7 रुपये "खोटं उत्पन्न" आहे का? माझं मत असं: नाही, पण संपूर्ण खरंही नाही. तो पैसा प्रत्यक्ष भाड्यातूनच आला आहे, इमारत विकून आलेला नाही. मात्र इमारत जुनी होते, लिफ्ट, एसी, काचा बदलाव्या लागतात. तेव्हा तो भाग घसाऱ्यासारखा धरा. खर्चून न टाकता त्याची पुन्हा युनिट्स घेतली तर तुमचा हिस्सा टिकतो. उरलेले 18 रुपये तुमचं उत्पन्न, म्हणजे 10 हजार युनिट्सवर 1,80,000. साधारण 4.3 टक्के. फ्लॅटच्या सव्वादोन टक्क्यांशी तुलना या आकड्याची करा, सहाची नाही. आणि न्यायाने पाहिलं तर फ्लॅटचाही घसारा होतो, तो आपण कधी मोजत नाही. वीस वर्षांनी त्याच फ्लॅटची लिफ्ट बंद आणि गच्ची गळकी असेल, तेव्हा तो हिशोब एकदम समोर येतो.

कराचं थोडक्यात. नव्या करप्रणालीत तुमचं एकूण उत्पन्न 12 लाखांच्या आत राहील, म्हणून नेहमीच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, मग ते घरभाडं असो की रीटचं व्याज. रीटच्या व्याजातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो. लाभांश बहुतांशी करमुक्त असतो, पण ज्या कंपनीने कमी दराची कर-सवलत घेतली आहे तिचा लाभांश करपात्र, हेही विवरणात लिहिलेलं असतं. घरभाड्यात फायदा असा की घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेतून सरसकट 30 टक्के वजावट मिळते. 30 टक्क्यांच्या स्लॅबमधल्या डॉक्टरांना हा फरक मोठा असतो, तुम्हाला नाही. विक्रीवेळी दोन्हीकडे दीर्घकालीन नफ्यावर 12.5 टक्के. फ्लॅटला त्यासाठी दोन वर्षं ठेवावा लागतो, युनिटला एक, आणि युनिटच्या नफ्यात वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट. 12 लाखांपर्यंतची करमाफी या विक्रीच्या नफ्याला लागू होत नाही, हे विसरू नका. घर विकून दुसरं घर घेतलं तर नफ्याचा कर वाचवता येतो, तशी सोय युनिट विकून पुन्हा युनिट घेण्याला नाही.

आता रीटमध्ये काय बिघडतं ते.

ब्रुकफील्ड 2021 मध्ये 275 रुपयांना बाजारात आलं आणि 2023 मध्ये त्याच भावाच्या बऱ्याच खाली व्यवहार होत होते. वाटप चालू होतं, पण भाव उतरला होता. ज्यांना तेव्हा पैशांची गरज पडली त्यांनी तोट्यात विकलं. कारणं दोन होती. एक, व्याजदर वाढले: एफडी सात-साडेसात टक्के द्यायला लागली की लोक रीटकडून जास्त परतावा मागतात, म्हणजेच कमी भावाला घेतात. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. अनेक आयटी पार्क विशेष आर्थिक क्षेत्रात, म्हणजे सेझमध्ये होते. तिथं नव्या युनिटला मिळणारी आयकर सवलत मार्च 2020 नंतर बंद झाली, त्यात कोविडमुळे लोक घरून काम करू लागले. सेझमधली जागा रिकामी झाली की सेझबाहेरच्या कंपनीला ती देता येत नव्हती. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने मजल्यागणिक जागा सेझमधून वगळायला परवानगी दिली, तेव्हा कुठे ती भरायला लागली.

म्हणून युनिट घेण्याआधी त्या ट्रस्टच्या तिमाही सादरीकरणात मी दोनच आकडे बघतो. किती टक्के जागा भाड्याने गेली आहे, आणि मालमत्तेच्या मूल्याच्या किती टक्के कर्ज आहे. पहिला आकडा मागच्या चार-सहा तिमाहींत वर चालला आहे का खाली, हे महत्त्वाचं. कर्ज पस्तीस टक्क्यांच्या पुढे सरकत असेल तर मी थांबतो, कारण व्याजदर चढले की आधी वाटपावरच गदा येते. नवी इमारत घ्यायला ट्रस्ट नवीन युनिट्स काढतो, तेव्हा आणखी एक गोष्ट बघायची: प्रति युनिट वाटप वाढलं की फक्त एकूण वाटप? बातमीत नेहमी एकूण आकडा असतो. तुम्हाला प्रति युनिट आकड्याशी देणंघेणं आहे.

जमेची बाजूही सांगतो. ऑफिसच्या करारांत दर तीन वर्षांनी 12 ते 15 टक्के भाडेवाढ आधीच लिहिलेली असते. सोलापुरात भाडेकरूला तीन वर्षांनी दीड हजार वाढवा म्हटलं की "काका, पगार वाढला नाही" हे ऐकावं लागतं, आणि माणूस चांगला असेल तर आपणही गप्प बसतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. तुमचा मुलगा आयटीत आहे. ऑफिसच्या रीटचे मोठे भाडेकरूही आयटी आणि परदेशी कंपन्यांची इथली केंद्रं. उद्या त्या क्षेत्रात मंदी आली तर मुलाची नोकरी डळमळेल त्याच वर्षी तुमचं वाटपही उतरेल. आणि गंमत म्हणजे जुळे सोलापुरातल्या फ्लॅटचा भावही थोडाफार त्याच पगारांवर उभा आहे. म्हणून सगळी रक्कम ऑफिसच्या रीटमध्ये घालू नका, एखादं मॉलवालं रीट बरोबर ठेवा. मॉलचं भाडं लोकांच्या खरेदीवर चालतं, त्याची लय वेगळी असते. कोविडमध्ये मॉल महिनोन्‌महिने बंद होते हेही खरं, पण तो आजार दुसरा.

फ्लॅटमध्ये काय बिघडतं हे तुम्हाला सोलापूरकर म्हणून माहीत आहेच, तरी माझाच अनुभव सांगतो. 2009 मध्ये विजापूर रोडला मी एक फ्लॅट घेतला. ओळखीतला भाडेकरू, म्हणून शंभराच्या स्टॅम्पवर अकरा महिन्यांचा करार केला, नोंदवला नाही. दोन वर्षांनी त्याने भाडं थांबवलं आणि म्हणाला, "आपलं ठरलंच होतं की दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता होईल." असं काही ठरलेलं नव्हतं. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि तो करून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. मी कर सल्लागार असून ही चूक केली. शेवटी सात महिन्यांचं भाडं सोडून त्याला बाहेर काढलं. वर्षाचं निव्वळ उत्पन्न गेलंच, वर मनस्ताप.

आणि हे सगळं वाचवायला खर्च किती होता? आजच्या हिशोबाने 12 हजार भाडं, 50 हजार अनामत, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क साडेतीनशे रुपयांच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून माणूस हलला नाही तर कलम 24 खाली दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. म्हणून घर कोणालाही द्या, अगदी भाच्यालाही, पण करार नोंदवा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या.

दुसरा फ्लॅट 2016 च्या उन्हाळ्यात रिकामा झाला, कारण इमारतीची बोअर आटली. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, टँकरची वर्गणी, चौथ्या मजल्यावर बादल्या. भाडेकरू तळमजल्यावर स्वतःचा हौद असलेल्या घरात गेला, आणि मी त्याला दोष देऊ शकलो नाही. सोलापुरात भाडं टिकवायचं असेल तर फ्लॅटच्या टाइल्सपेक्षा इमारतीच्या जमिनीखालच्या हौदाचं माप विचारा.

कागदांबद्दल एवढंच: भोगवटा प्रमाणपत्राशिवाय टोकन देऊ नका, आणि मूळ जमीन गुंठेवारीतली आहे का, बिनशेती आदेश आहे का, हे वकिलाकडून तीस वर्षांच्या सर्चमध्ये पाहून घ्या. बँक कर्ज देते म्हणजे कागद चांगले, हे एजंटचं वाक्य. बँक स्वतःचं बघते, तुमचं नाही.

मग फ्लॅट घेऊच नये का? मुलगा पाच-सात वर्षांत परत येणार असेल, किंवा तुमची स्वतःची सध्याची जागा वरच्या मजल्यावर असून पुढं जिने जमणार नाहीत असं वाटत असेल, तर घ्या. तेव्हा ते राहण्याचं घर झालं, मध्ये येणारं भाडं वरकड. पण निव्वळ भाड्यासाठी म्हणून घ्यायचा तर आकडे साथ देत नाहीत. फ्लॅटची किंमत वाढते म्हणाल, तर मान्य. वर काढलेला फरक दोन टक्क्यांचा आहे, म्हणजे फ्लॅटचा भाव दर वर्षी युनिटच्या भावापेक्षा दोन टक्के जास्त वाढत राहिला तरच बरोबरी होते. काही पट्ट्यांत तसं झालंही आहे. पण विकायला गिऱ्हाईक मिळेपर्यंत सहा महिने जातात, आणि फ्लॅटचा एक बेडरूम तेवढा विकता येत नाही. युनिट्स मात्र आजारपणाला पाहिजे तेवढीच विकता येतात. सात रस्ता किंवा नवी पेठेतला गाळा भाड्याच्या दृष्टीने फ्लॅटपेक्षा चांगला, पण तुमच्या रकमेत तिथं जुन्या पागडीचा भाडेकरू बसलेला गाळाच हाती लागतो. त्यात पडू नका.

तुमच्या जागी मी असतो तर 42 लाखांतले 30 लाख आधी पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते. तीस लाख ही तिथली कमाल मर्यादा. 8.2 टक्के दराने वर्षाला 2,46,000, तिमाहीला 61,500. ही रक्कम पाच वर्षं एकच राहते, वाढत नाही, म्हणून उरलेल्या 12 लाखांतले नऊ-दहा लाख दोन ऑफिसच्या आणि एका मॉलच्या रीटमध्ये, कारण ते भाडं वाढतं. दोन लाख बँकेत हाताशी. खरेदी एकदम करू नका. चार हप्त्यांत, दर तिमाही निकालानंतर एकेक. ब्रोकरच्या ॲपवर EMBASSY, MINDSPACE, BIRET, NXST अशी नावं टाकली की युनिट्स दिसतात. वाटप मिळायला ठरवलेल्या तारखेला युनिट्स तुमच्या डिमॅटमध्ये असावी लागतात. पण केवळ वाटप पकडायला आदल्या दिवशी धावू नका, वाटपाएवढा भाव बहुधा लगेच उतरतो.

मुलाच्या नावाने नको, तुमच्याच नावाने डिमॅट उघडा आणि मुलाला नॉमिनी करा. त्याचा फोन, तुमचा पासवर्ड अशी सोय करू नका.

आणखी एक: हल्ली सोलापुरात "रीटसारखंच आहे" म्हणून गोदामातला किंवा पुण्यातल्या ऑफिसातला तुकडा विकणारे फिरतात, महिना एक टक्का भाड्याची हमी देतात. सेबीने 2024 मध्ये लघु आणि मध्यम रीटचे नियम केले आहेत, त्यात किमान गुंतवणूकच दहा लाखांची आहे. नोंदणीकृत असेल त्याचं नाव सेबीच्या संकेतस्थळावर सापडतं. जो हमी देतो आणि ज्याचं नाव तिथं नाही, त्याला चहा पाजून पाठवा.

आणि तरीही त्या फ्लॅटवर मन असेल तर एक काम करा. कुठल्यातरी आठवड्याच्या मधल्या दिवशी रात्री आठला त्या इमारतीसमोर जाऊन उभ्या राहा आणि अंधारात असलेल्या खिडक्या मोजा. मग वॉचमनला विचारा, चौथ्या मजल्यावरचा शेवटचा भाडेकरू किती दिवस राहिला आणि का गेला. एजंटला ते सांगता येणार नाही, वॉचमन सांगेल.